दोन लिफ्ट, तीन कोटेशनं : एएमसी कुणाला द्यावी? (वडोदरा)

गोत्रीकर (शनिवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी गोत्री रोडला. खाली पार्किंग, वर सात मजले, २८ फ्लॅट, दोन लिफ्ट. दोन्ही आठ माणसांच्या, आपोआप सरकणाऱ्या दरवाज्यांच्या, मशीन रूम गच्चीवर. २०११ साली बसवलेल्या. यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली आणि पहिलंच प्रकरण हातात आलं ते लिफ्टच्या एएमसीचं, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराचं, कारण जुना करार या महिनाअखेरीस संपतोय.

तीन कोटेशनं आलीत. नावं देत नाही.

पहिलं, ज्यांनी लिफ्ट बसवल्या त्याच कंपनीचं. फुल कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे मोठे पार्टही त्यांच्याकडे, एका लिफ्टचे वर्षाला ६२,०००. दोन्हींचे मिळून १८ टक्के जीएसटीसकट १,४६,३२०. दरवर्षी ८ टक्के वाढ, करार तीन वर्षांचा.

दुसरं, वडोदऱ्यातल्याच एका पार्टीचं. सेमी, म्हणजे छोटे पार्ट त्यांच्याकडे, मोठे आपल्याकडे. लिफ्टला ३८,०००. दोन्हींचे जीएसटीसकट ८९,६८०.

तिसरं, सध्या ज्यांच्याकडे काम आहे त्यांचं. साधी सर्व्हिस, महिन्यातून एक फेरी, तेलपाणी, कॉल आला तर येणार, पार्टचे पैसे वेगळे. लिफ्टला २१,०००. दोन्हींचे जीएसटीसकट ४९,५६०.

कमिटीत दोन तट पडलेत. एक म्हणतो कंपनीचीच घ्या, डोक्याला ताप नको. दुसरा म्हणतो तिप्पट पैसे कशाला. रिस्पॉन्स टाइम कंपनीने २ तास लिहिलाय, लोकल पार्टी ४५ मिनिटं म्हणते. मला वाटतं रिस्पॉन्स टाइमवरच निर्णय घ्यावा. आमच्याकडे ऐंशीच्या पुढचे चौघे जण राहतात. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

मकरपुरा_मेकॅनिकल (शनिवार, रात्री १०.२०)

डोळे मिटून कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या. मी मकरपुरा जीआयडीसीत मेंटेनन्समध्येच आहे. १४ वर्षांची लिफ्ट म्हणजे केबिन ओढणारे तारेचे रोप आता बदलावे लागणारच, रोप दर ५ वर्षांनी बदलतात, तुमचे बहुतेक एकदाही बदललेले नसतील. एका लिफ्टचे रोप, पुली मजुरीसकट लाखाच्या घरात जातं. फुलमध्ये ते सगळं कंपनीच्या डोक्यावर. हिशोब सरळ आहे.

दांडियाबाजार_बहात्तर (शनिवार, रात्री १०.४५)

आमच्या वाड्याच्या जागी १९८८ मध्ये इमारत झाली, तेव्हापासून जाळीच्या दरवाज्याची लिफ्ट आहे. हाताने ओढायची, खट्‌ आवाज झाला की निघायची. आजवर कंपनीचा माणूस बघितला नाही, एक गृहस्थ सायकलवरून यायचे, आता त्यांचा मुलगा स्कूटरवरून येतो. पण तुम्ही नवीन लिफ्ट घेताय तर स्टीलची केबिन घ्या, लाकडी सनमायका उन्हाळ्यात सुटतो.

गोत्रीकर (शनिवार, रात्री १०.५२)

काका, नवीन घेत नाहीये हो, जुन्याच सांभाळायच्यात. पण सनमायक्याचं ध्यानात ठेवतो.

शाफ्टातला (रविवार, सकाळी ८.१०)

मी २३ वर्षं लिफ्टच्या सर्व्हिसमध्ये काढली, आधी मोठ्या कंपनीत, नंतर स्वतःचं छोटं काम. आता बंद केलंय, त्यामुळे मला कुणाचं कोटेशन खपवायचं नाही.

गोत्रीकर, कुठलंही कोटेशन बघण्याआधी एक काम करा. वॉचमनच्या टेबलावर लिफ्टचं कॉल रजिस्टर असेल, गेल्या बारा महिन्यांचं काढा. प्रत्येक कॉलपुढे तीन वेळांची नोंद करा : तक्रार किती वाजता केली, माणूस किती वाजता आला, आणि लिफ्ट पुन्हा चालू किती वाजता झाली. रजिस्टर नसेल तर बिलं आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा. 'लिफ्ट बंद आहे का' हा मेसेज कधी पडला आणि 'चालू झाली' कधी पडला, तेवढं पुरे.

मग इथे टाका. त्याआधी ४५ मिनिटं आणि २ तास यावर भांडण्यात अर्थ नाही.

आणि मकरपुरावाले साहेब, ५ वर्षांचा काही नियम नाही. रोप फेऱ्यांवर झिजतो. २८ फ्लॅटच्या सोसायटीत बारा-पंधरा वर्षं चाललेले रोप मी पाहिलेत, आणि दवाखान्यात चार वर्षांत गेलेलेही. ते बघूनच ठरतं. तारा तुटल्यात का, पीळातून लालसर भुकटी निघतेय का, रोप पुलीच्या खाचेत सारखे बसतात की एक खोल गेलाय. पण बदलताना सगळे एकदम बदलतात हे तुमचं बरोबर, एकटा बदलून चालत नाही. आणि पुली झिजलेली असेल तर नवे रोपही तिच्यावर लवकर मरतात.

मकरपुरा_मेकॅनिकल (रविवार, सकाळी ९.००)

ठीक, ५ वर्षं आमच्या प्लांटच्या हॉइस्टची सवय असेल. तरी तुम्हीही मान्य कराल की मोठा खर्च पुढे आहे.

शाफ्टातला (रविवार, सकाळी ९.०४)

आहेच. तो कुणाच्या खिशातून जाणार ते कोटेशनच्या पहिल्या पानावर दिसत नाही, एवढंच म्हणणं आहे.

गोत्रीकर (रविवार, दुपारी ३.३०)

दोन तास घालवले, पण हाती लागलं. रजिस्टर अर्धंच होतं, बाकी व्हॉट्सॲपवरून जुळवलं.

बारा महिन्यांत दोन्ही लिफ्टचे मिळून ३१ कॉल. २२ वेळा त्याच दिवशी चालू झाली. ६ वेळा दुसऱ्या दिवशी. ३ वेळा त्याहून जास्त लागले, आणि त्या तिघांत मिळून १७ दिवस लिफ्ट बंद होती. त्यातले ११ दिवस एकट्या बी लिफ्टच्या ड्राइव्हचे, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राचे. माणूस त्या दिवशी ४० मिनिटांत आला होता! आला, मशीन रूममध्ये जाऊन बघितलं, 'ड्राइव्ह गेली' म्हणाला, केबिनबाहेर बोर्ड लावला आणि गेला. ड्राइव्ह मुंबईहून आली. ११ दिवस आमच्या सातव्या मजल्यावरच्या आजींसकट सगळे एकाच लिफ्टवर होते.

म्हणजे ज्याच्यावर मी निर्णय घ्यायला निघालो होतो तो रिस्पॉन्स टाइम आमचा चांगलाच आहे.

शाफ्टातला (रविवार, दुपारी ४.१५)

हेच बाहेर यायला हवं होतं. आमच्या धंद्यात माणूस साइटवर पोचला की कॉल 'अटेंड' झाला. करारातले २ तास त्या पोचण्याचे आहेत, लिफ्ट चालू होण्याचे कुणी लिहूनच देत नाही. शिवाय ते २ तास मोजायला सुरुवात कधी होते तेही बघा. कंपनीचं घड्याळ कॉल सेंटरला तक्रार नंबर पडला की सुरू होतं. वॉचमनने मेकॅनिकच्या मोबाइलवर फोन केला तर त्यांच्या कागदावर तो कॉल झालाच नाही.

तुम्ही करारात तीन वेगळी घड्याळं मागा. माणूस अडकला असेल तर सुटकेचं एक. साधा बिघाड असेल तर पोचण्याचं दुसरं. आणि लिफ्ट चालू करून देण्याचं तिसरं, आणि ते पाळलं नाही तर बंद दिवसांचे पैसे कापायचे. तिसऱ्यावर सगळे कुरकुर करतील. वर्षाच्या रकमेच्या ३६५व्या हिश्शाने कापायला बहुतेक जण कबूल होतात, कारण रक्कम चिल्लर आहे. ६२,००० वर दिवसाला १७० रुपये. पैशासाठी ते कलम नसतंच. ते असलं की बंद दिवसांची नोंद ठेवावी लागते आणि वरच्या साहेबाला महिन्याला दिसते.

पण तुमचे ११ दिवस त्यानेही वाचले नसते. त्याला उपाय एकच, पार्ट कुठे ठेवलाय ते विचारणं. तिघांनाही लेखी विचारा : ड्राइव्ह, मेन सर्किट कार्ड, दरवाज्याचं कार्ड, दरवाज्याचा सेन्सर, यांपैकी वडोदऱ्यात आत्ता काय पडलंय, अहमदाबादेत काय आणि मुंबईहून काय येतं. आणि ड्राइव्ह दुरुस्तीला गेली तर तोवर दुसरी लावून देणार का. चांगल्या पार्टीकडे एक-दोन फिरत्या ड्राइव्ह असतात, नाही म्हणाले तर समजा नाहीत.

३१ पैकी दरवाज्याचे किती?

गोत्रीकर (रविवार, दुपारी ४.४०)

१९. आणि त्यातले बहुतेक पार्किंगच्या मजल्यावरचे.

शाफ्टातला (रविवार, संध्याकाळी ५.०५)

अंदाज होताच. दरवाजा हा लिफ्टचा सगळ्यात जास्त हलणारा भाग, कॉलही त्याचेच जास्त. पार्किंगमध्ये चाकांबरोबर वाळू येते आणि दरवाजा ज्या पट्टीत सरकतो तिच्या खाचेत बसते. दरवाज्याच्या तळाचा शू तिथे अडतो, दरवाजा पुरता मिटत नाही, लॉकचा कॉन्टॅक्ट जुळत नाही, आणि लिफ्ट हलत नाही. मेकॅनिक येतो, स्क्रू ड्रायव्हरने खाच खरवडतो, दोनदा उघडबंद करतो, सही घेतो. झाला कॉल.

वडोदऱ्यात आणखी एक आहे, उत्तरायणानंतरचा आठवडा. पोरं गच्चीवरून गुंडाळलेला मांजा घेऊन लिफ्टने उतरतात, एक टोक दरवाज्यात राहतं. मग वरच्या रोलरला मांजाचं असं कडबोळं होतं की ब्लेडने कापून काढावं लागतं. एका जानेवारीत एका आठवड्यात मी सात काढलेत.

वॉचमनला दात घासायचा जुना ब्रश द्या आणि रोज सकाळी पार्किंगची ती एक खाच झाडायला सांगा. फुकटात कॉल कमी होतील. एवढंच, त्याच्या आत त्याने हात घालायचा नाही.

पुण्याचा_पाहुणा (रविवार, संध्याकाळी ७.२०)

मी मूळचा बडोद्याचा, आता पुण्यात. आमच्याकडे कायद्यानेच एएमसी लागते आणि लायसनवाल्याकडूनच, तेव्हा आधी ते तपासा. बाकी माणूस अडकल्यावर रिस्पॉन्स टाइमचं एवढं घेऊन बसू नका, आमच्या वॉचमनकडे ती तिकोनी चावी आहे. बाहेरून दरवाजा उघडतो आणि माणसाला हात देऊन काढतो. दहा मिनिटांत काम.

शाफ्टातला (रविवार, संध्याकाळी ७.४५)

दादा, कायद्याचं म्हणता तो तुमचा महाराष्ट्राचा २०१७चा. इथे गुजरातचा लिफ्ट आणि एस्कलेटर कायदा २००० सालचा. लायसन आणि इन्स्पेक्शन इथेही आहे, ते बघायलाच हवं.

चावीचं मात्र आजच बंद करा. हात जोडून सांगतो. केबिन दोन मजल्यांच्या मध्ये वर अडकली असेल तर तिच्या खाली उघडा शाफ्ट असतो. आतला माणूस घाबरलेला असतो, बाहेरून कुणी हात देतं, तो केबिनमधून उडी मारतो, पाय मजल्याच्या कडेवरून घसरतो आणि मागच्या मागे केबिनखालच्या फटीतून पिटात, म्हणजे शाफ्टाच्या तळच्या खड्ड्यात. माणसं अशी गेली आहेत. शिवाय मधेच वीज आली तर लिफ्ट चालू होऊ शकते ते वेगळंच.

नीट पद्धत म्हणजे आधी मशीन रूममध्ये मेन स्विच बंद, मग ब्रेक हाताने सैल करत चाकाने केबिन मजल्याच्या लेव्हलला आणायची, आणि मगच दरवाजा. शिकलेला माणूसच करतो, शक्यतो दोघं मिळून. तोवर आतल्या माणसाशी बोलत राहायचं. आत हवा येत असते, कुणी गुदमरत नाही.

पुण्याचा_पाहुणा (रविवार, रात्री ८.००)

खरं सांगायचं तर असा विचार केला नव्हता. चावी उद्या सेक्रेटरीच्या कपाटात ठेवायला सांगतो.

अनघा_अकोटा (रविवार, रात्री ९.१५)

आमचं थोडं वेगळं सांगते, कारण ते कुठल्याच कोटेशनमध्ये दिसलं नव्हतं. आमच्याकडे फुल कॉम्प्रिहेन्सिव्ह होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तेव्हा पार्किंग कमरेपर्यंत भरलं आणि लिफ्ट खालीच उभी होती. पिट तर भरलंच, केबिनचा तळही पाण्यात. पाणी उतरल्यावर कंपनीचा माणूस आला, फोटो काढले आणि करारातलं एक कलम दाखवलं : पूर, पाणी, आग, वीज पडणं यांचं नुकसान करारात नाही. ५८,००० चं बिल आलं. पिटातली गव्हर्नरची पुली, स्विच, खालच्या मजल्याचं लॉक, केबिनखाली लोंबणारी केबल. वर त्या दिवसांत अख्ख्या शहराच्या लिफ्ट बंद, त्यामुळे आमचा नंबर नवव्या दिवशी लागला.

कंपनीला दोष देत नाही, कलम आधीपासूनच होतं. वाचलं आम्ही नव्हतं.

शाफ्टातला (रविवार, रात्री ९.४०)

अनघाताई, हे कलम लोकल पार्टीच्या करारातही असतं, नसलं तरी ते पैसे मागतातच. नदीच्या बाजूच्या सोसायट्यांनी वॉचमनला लिहून द्यावं : पाणी रस्त्यावर दिसायला लागलं की दोन्ही लिफ्ट वरच्या मजल्यावर न्यायच्या आणि मशीन रूममधून मेन स्विच पाडायचा. नुसतं वर नेऊन भागत नाही, खालून कुणीतरी बटण दाबतं आणि लिफ्ट निमूटपणे पाण्यात उतरते. पाणी गेल्यावरही पिट सुकवून मेकॅनिकने बघेपर्यंत स्विच चढवायचा नाही.

पहिला_मजला (रविवार, रात्री १०.३०)

मी याच सोसायटीतला. पहिल्या मजल्यावर राहतो, लिफ्ट वापरत नाही, तरी हिस्सा बरोबरीने देतो. त्यात आता दीड लाखाचा करार? हा धागा ग्रुपवर टाकणार आहे.

गोत्रीकर (रविवार, रात्री १०.३८)

टाका की काका, त्यासाठीच लिहितोय. हिश्शाचा विषय जनरल मीटिंगचा आहे, इथे नको.

गोत्रीकर (सोमवार, रात्री ९.३०)

आज कोटेशनं नीट वाचली आणि गेल्या चार वर्षांची पार्टची बिलं एकत्र केली. अनुक्रमे ११,४००, २६,८००, ९,२०० आणि ७१,५००. शेवटच्या वर्षात ती ड्राइव्ह ४६,००० ची. एकूण १,१८,९००, म्हणजे सरासरी वर्षाला २९,७२५.

साधी एएमसी अधिक सरासरी पार्ट मिळून वर्षाचे ७९,२८५. तीन वर्षांचे २,३७,८५५. त्यात रोप आणि पुली धरायला हवेत. एकाकडून अंदाज घेतला : लिफ्टमागे रोप ५२,००० आणि पुली ४०,०००, दोन्ही लिफ्टचे १,८४,०००. तीन वर्षांचे एकूण ४,२१,८५५.

कंपनीच्या फुलचे ८ टक्के वाढीसकट तीन वर्षांचे ४,७५,०१३.

फरक साधारण ५३,००० चा, म्हणजे वर्षाला १८,००० च्या आतबाहेर. मला वाटलं होतं त्याहून फारच कमी. आणखी एक ड्राइव्ह गेली की जवळजवळ बरोबरी. साध्यात मी दरवाढ धरलेली नाही, पार्टही महाग होतीलच. म्हणजे मकरपुरावाले जिंकले का?

मकरपुरा_मेकॅनिकल (सोमवार, रात्री ९.४१)

मी म्हणतच होतो. 😄

शाफ्टातला (सोमवार, रात्री १०.१०)

हिशोब छान केलाय, पण रोपचे १,८४,००० तुम्ही फक्त साध्याच्या बाजूला मांडलेत. कंपनीच्या कोटेशनच्या मागच्या पानावर 'जॉइंट सर्व्हे' असा शब्द आहे का बघा. गेली चार वर्षं तुमच्या लिफ्ट त्यांच्या हाताखाली नव्हत्या, दुसऱ्याच्या हाताखाली होत्या. फुल करार करण्याआधी ते आपला माणूस पाठवून लिफ्ट तपासतात आणि जे झिजलेलं असेल ते आधी ग्राहकाने आपल्या पैशाने बदलून द्यायचं, मग करार सुरू. मरायला टेकलेले रोप कुठलीच कंपनी अंगावर घेत नाही. मी कंपनीत होतो तेव्हा असे सर्व्हे मीच केलेत.

आणि दुसरा शब्द शोधा, 'ऑब्सोलीट'.

गोत्रीकर (सोमवार, रात्री १०.५५)

दोन्ही आहेत. सर्व्हेचं पान ४ वर आहे. आणि पान ५ वर लिहिलंय, ज्या पार्टचं उत्पादन बंद झालं आहे ते करारातून वगळले जातील, त्यांच्या जागी करायच्या बदलाचा खर्च ग्राहकाचा.

रोप आमच्याच पैशाने आधी बदलायचे ठरले तर फुलचे तीन वर्षांचे ६,५९,०१३ होतात. आणि फरक ५३,००० चा राहत नाही, २,३७,१५८ चा होतो.

शाफ्टातला (सोमवार, रात्री ११.१५)

म्हणून आधी सर्व्हे करून घ्या, रिपोर्ट हातात आल्यावर भाव बोला. सर्व्हेत रोप चांगले निघाले तर फुलचा करार तुमच्या फायद्याचा, कारण पुढे ते तीन वर्षांत गेले तर त्यांचे. वाईट निघाले तर कुणाकडूनही बदलून घ्या आणि मग साधी किंवा सेमी. सरसकट असं एक उत्तर नाही याला.

ऑब्सोलीटबद्दल लेखी विचारा : आमच्या मॉडेलचं मेन कार्ड आणि दरवाज्याचं कार्ड आज मिळतं का, आणि तीन वर्षं देण्याची हमी आहे का. २०११ चं कंट्रोलर म्हणजे प्रश्न विचारण्याजोगा आहे. उत्तर 'उपलब्धतेनुसार' असं आलं तर त्या फुलमधला सगळ्यात महागडा पार्ट वजा धरा.

आता लोकल पार्टीची परीक्षा. तुमचं कंट्रोलर कंपनीचं स्वतःचं आहे ना? मग ट्रायल व्हिजिटला बोलवा आणि तुमच्यासमोर कंट्रोलरमधली जुनी फॉल्ट यादी काढून दाखवायला सांगा. काही कंपन्यांच्या कंट्रोलरला त्यांचंच हातातलं यंत्र लागतं, नाहीतर पासवर्ड. ते नसेल तर तो माणूस तेल घालेल, शू बदलेल, ब्रेक बघेल, पण कार्ड बोलतंय काय ते त्याला कळणार नाही. मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं, आणि चांगलं कार्डही बिलात येतं.

दांडियाबाजार_बहात्तर (मंगळवार, सकाळी ७.३०)

आमच्याकडे कार्डच नाही. रिले आहेत, खटखट वाजतात. बिघडला की कानाने कळतो कोणता.

शाफ्टातला (मंगळवार, सकाळी ७.५०)

काका, त्या स्कूटरवाल्या मुलाला जपा. असे कान असलेली माणसं आता कमी राहिली.

अनघा_अकोटा (मंगळवार, सकाळी १०.०५)

गोत्रीकर, एक राहिलं. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दरवाजा उघडणारं एआरडी तुमच्याकडे आहे ना? त्याच्या बॅटऱ्या आमच्या फुलमध्येही नव्हत्या. 'कन्झ्युमेबल' म्हणून वेगळ्या. दोन-तीन वर्षांनी मरतात आणि कुणाला कळतही नाही, कारण लाइट जाईपर्यंत त्यांचं काम पडत नाही.

गोत्रीकर (मंगळवार, दुपारी १.१५)

आहे, आणि आमच्याही कोटेशनमध्ये बॅटऱ्या तशाच बाहेर काढल्यात. आज रिकाम्या केबिनची वीज पाडून बघितलं. ए लिफ्ट मजल्यावर आली, दरवाजा उघडला. बी लिफ्ट जिथल्या तिथे. म्हणजे लाइट गेल्यावर बी मध्ये कुणी असतं तर अडकलंच असतं, आणि महिन्याच्या सर्व्हिस कार्डावर दर महिन्याला 'एआरडी ओके' अशी टिक आहे!

शाफ्टातला (मंगळवार, दुपारी १.४०)

ती टिक मीही मारलीय कधीकाळी, पावसाळ्यात दिवसाला बारा लिफ्ट असायच्या तेव्हा. पुढच्या करारात लिहा की एआरडी महिन्याला वॉचमनसमोर वीज पाडून दाखवायची आणि सही वॉचमनची.

मकरपुरा_मेकॅनिकल (मंगळवार, दुपारी २.३०)

मला अजूनही वाटतं की ऐंशीच्या पुढची चार माणसं असताना दोन लाख वाचवण्याच्या मागे लागू नये. कंपनीकडे निदान पार्ट मिळण्याची शक्यता जास्त.

शाफ्टातला (मंगळवार, दुपारी ३.००)

हे चूक म्हणणार नाही मी. त्यांनी वडोदऱ्यात ड्राइव्ह आणि कार्ड ठेवल्याचं लिहून दिलं तर तेवढ्यासाठी जास्त पैसे द्यायला हरकत नाही. नुसतं नाव मोठं आहे म्हणून नको.

गोत्रीकर (पुढचा रविवार, रात्री ८.४५)

अपडेट देतो.

लोकल सेमीवाल्यांचा माणूस बुधवारी आला. हसतमुख, कामाला चटपटीत. पार्किंगचा दरवाजा त्याने वीस मिनिटांत असा लावला की चार दिवसांत एक कॉल नाही. पण कंट्रोलरची फॉल्ट यादी काढता आली नाही. 'साहेब, यात आमचा टूल चालत नाही, पण आम्हाला अंदाज येतो,' म्हणाला. त्यांच्याकडे फिरती ड्राइव्ह मात्र आहे, गोडाउनमधला फोटो आणि सिरियल नंबर पाठवलाय.

सध्याच्या साध्यावाल्यांना एआरडीबद्दल विचारलं, तर त्यांनी बॅटऱ्यांचं कोटेशन पाठवलं. टिकबद्दल काही बोलले नाहीत.

कंपनीचा सर्व्हे शुक्रवारी झाला. मीही मशीन रूममध्ये उभा होतो. त्याने रोप पुसून बोटाने चाचपले, खडूने पुलीवर आणि रोपवर एक सरळ रेघ मारली, रिकामी लिफ्ट वर-खाली नेऊन परत तिथेच आणली. ए लिफ्टची रेघ जवळपास जुळली. बी लिफ्टच्या दोन रेघांत चांगलं चार बोटांचं अंतर पडलं होतं. रिपोर्टात ए चे रोप आणि पुली ठीक, बी चे दोन्ही बदलायचे, करार सुरू होण्याआधी, आमच्या खर्चाने.

म्हणजे १,८४,००० ऐवजी सध्या ९२,००० चा प्रश्न आहे, तोही फक्त बी चा. मी कंपनीला विचारलंय की ए साठी फुल आणि बी साठी रोप बदलल्यावर फुल, असं वेगवेगळ्या तारखांनी करता येईल का, आणि ८ टक्क्यांचे ५ होतील का. ऑब्सोलीटबद्दल मेल टाकलीय, मेन कार्ड आणि दरवाज्याचं कार्ड दोन्हींची नावं घालून. अजून उत्तर नाही.

शाफ्टातला (रविवार, रात्री ९.१०)

रोप पुलीवर चार बोटं घसरतो म्हणजे बी चं काम आता लांबवू नका, करार कुणाचाही होवो. रोपचं काम आधी द्या. आणि जुन्या रोपचा एक तुकडा कापून ठेवून घ्या, पुढच्या खजिनदाराला दाखवायला.

पहिला_मजला (रविवार, रात्री ९.३०)

बी लिफ्टचा अर्धा खर्च बी विंगने करावा असा माझा प्रस्ताव आहे.

गोत्रीकर (रविवार, रात्री ९.३२)

काका, आपल्याला विंगच नाहीत. दोन्ही लिफ्ट एकाच पॅसेजमध्ये आहेत.